अंगठ्याच्या कोपऱ्यातलं कुसळ

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे साडेपाचला उभं राहिलं, तर अंधारातून आधी बुटांचे आवाज येतात आणि मग पळणारी मुलं दिसतात. पोलीस भरतीचा सराव चाललेला असतो. मैदानी चाचणीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. तिथे एकेका सेकंदाला मोल असल्यामुळे ही मुलं छातीचा भाता आणि पोटऱ्यांची ताकद यांचा हिशोब रोज ठेवतात. पायाच्या अंगठ्याच्या नखाकडे मात्र ते दुखायला लागेपर्यंत कुणी पाहत नाही.

त्यांच्यातला वीस वर्षांचा एक मुलगा उदाहरण म्हणून घेऊ. दवाखान्यांत अशी मुलं नेहमीच येतात, आणि त्यांच्या हकिगतींमध्ये फरकही फारसा नसतो. या मुलाच्या पायात मित्राकडून घेतलेले, एक नंबर लहान असलेले बूट होते. पळताना दर पावलाला पाय पुढे सरकून अंगठा बुटाच्या टोकावर आपटायचा. महिन्याभरात उजव्या अंगठ्याची बाहेरची कड, म्हणजे शेजारच्या बोटाला लागणारी बाजू, दुखू लागली. कोपऱ्यात नख टोचतंय हे त्याला कळत होतं. नेलकटर तिथवर शिरेना, म्हणून त्याने दाढीच्या पात्याने तो कोपरा तिरका आणि खोलवर कापून काढला. ठणका लगेच थांबला आणि पुढचे आठ-दहा दिवस तो मजेत पळला. मग दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. त्याने पुन्हा पातं घेतलं आणि पहिल्यापेक्षा खोल कापलं. तिसऱ्या खेपेला कड लाल होऊन फुगली होती. रात्री पांघरूण लागलं तरी तो कळवळून उठत होता.

पात्याने बरं वाटलं आणि पात्यानेच दुखणं वाढलं. हे कसं होतं ते समजलं, की या आजाराचे पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात.

नख वाढतं ते टोकाकडून नव्हे, मुळाकडून. नखाच्या मागच्या बाजूला कातडीची जी घडी दिसते तिच्याखाली हे मूळ असतं. नखाच्या तळाशी दिसणारी पांढरी अर्धचंद्रकोर म्हणजे त्याचा थोडासा बाहेर डोकावणारा भाग. तिथे तयार झालेलं नख दोन्ही बाजूंच्या खाचांमधून, रुळांवरून गाडी सरकावी तसं, पुढे सरकत राहतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर पुढे जातं. ते पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. नखाचा कोपरा बोटाच्या मांसाच्या पुढे आलेला असेल, तर ही गाडी बिनघोर चालते. कोपरा तिरका कापला की पुढची जागा रिकामी होते आणि बुटाच्या दाबाने शेजारचं मांस त्या जागेत वर सरकतं. शिवाय खाचेच्या अगदी आत पातं पोहोचत नसल्यामुळे नखाची एक बारीक टोकदार शीर तिथे मागे राहते. वरून पाहताना ती दिसत नाही. नख पुढे सरकू लागलं की ही शीर समोरच्या मांसात घुसते. ज्वारीचं कुसळ बोटात जावं तसंच हे आहे. फरक एवढाच की कुसळ एकदाच टोचतं, आणि ही शीर रोज थोडी थोडी पुढे येत राहते.

म्हणजे मुलाला प्रत्येक वेळी मिळालेला आराम खरा होता, पण प्रत्येक वेळी त्याने एक नवं कुसळही तयार करून ठेवलं होतं.

आपल्याकडे या दुखण्याला सरसकट नखुरडं म्हणतात आणि तिथून थोडा घोटाळा सुरू होतो. हाताच्या बोटाला नखुरडं होतं तेव्हा बहुधा नखाशेजारच्या कातडीत जंतू शिरून पू साठलेला असतो. लिंबाला भोक पाडून ते टोपीसारखं बोटावर बसवायचा घरगुती उपाय त्याच्यासाठीच सांगितला जातो. पायाच्या अंगठ्याचं दुखणं वेगळं आहे. इथे आधी नख रुततं. शरीर त्याला परका पदार्थ समजून तिथे सूज आणतं, आणि जंतू येतात ते त्या फुटलेल्या कातडीतून, नंतर. म्हणूनच नुसत्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी हे दुखणं मुळापासून जात नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांनी पू आटतो, लाली उतरते, पण कुसळ जागेवरच असतं. गोळ्या संपल्या की पहिले पाढे पंचावन्न. हळद, चुना, मेण किंवा मलम यांपैकी काहीही वरून लावलं तरी हेच होणार.

सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे कड लाल आहे, किंचित सुजलेली आहे, दाबल्यावर दुखतं आहे, पण पू नाही, तेव्हा घरी करण्यासारखं बरंच असतं. त्यातला पहिला भाग म्हणजे पाय भिजवणं. कोमट पाण्यात पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आई कोपर बुडवून पाणी पाहते, तितपत ऊब पुरे. कढत पाण्याचा फायदा जास्त होत नाही, भाजण्याचा धोका मात्र वाढतो. पाण्यात चमचाभर मीठ किंवा थोडा साबण घातला तर चालतो, पण काम मुख्यतः कोमट पाणीच करतं. ताठर नख लवचिक होतं, कातडी मऊ पडते, खाचेतला मळ आणि सुकलेला स्राव निघून जातो. जंतुनाशक औषधं दाट ओतली, तर आधीच सोललेली कातडी आणखी जळते. तासभर पाय बुडवून बसणंही उलटतं. कातडी पांढरी पडून सुरकुतली की ती इतकी लिबलिबीत होते की नखाला तिच्यात शिरणं सोपं जातं. पावसाळ्यात दिवसभर ओले बूट किंवा गमबूट घालून काम करणाऱ्यांना हा त्रास वाढलेला जाणवतो, तो याच कारणाने. म्हणून भिजवल्यानंतर पाय नीट कोरडा करणं हे भिजवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बोटांच्या बेचक्यांतलं पाणीही टिपून घ्यावं.

पण भिजवणं ही तयारी आहे. खरं काम त्यानंतरच्या पाच मिनिटांत होतं. कातडी मऊ आहे तोवर सुजलेली कड बोटाने किंवा कानात घालायच्या कापसाच्या काडीने नखापासून हळूच बाहेर, लांब ढकलायची. मग स्वच्छ कापसाची वात वळायची, समईतल्या वातीहूनही बारीक. ती ओली करून नखाच्या कोपऱ्याखाली सरकवायची, म्हणजे कोपरा मांसावरून किंचित उचलला जातो. कुसळाची वाट वरच्या अंगाला वळवायची, ते मांसात न जाता मांसावरून पुढे जावं, एवढाच यातला हेतू. वात रोज बदलावी लागते. ती सरकवताना थोडं दुखणार, पण डोळ्यांत पाणी येण्याइतकं दुखत असेल तर जोर करू नये. कड चिकटपट्टीने ओढून धरायचीही एक पद्धत आहे. ताणली जाणारी कापडी पट्टी नखालगतच्या सुजलेल्या कडेवर चिकटवायची, कड नखापासून दूर खेचली जाईल अशी ती खाली ओढायची आणि बोटाच्या तळव्याकडून तिरकी फिरवून मागच्या बाजूला आणून सोडायची. तिचा बोटाभोवती घट्ट वेढा मात्र होता कामा नये. बोट निळसर किंवा बधिर वाटलं की पट्टी लगेच काढायची.

या दिवसांत पायात पुढून उघडी चप्पल हवी. अंगठ्यावरचा दाब तसाच ठेवून पाय कितीही भिजवला, तरी एका हाताने बांधून दुसऱ्या हाताने मोडल्यासारखं होतं. असं सगळं नीट केलं तर दोन-तीन दिवसांत ठणका कमी व्हायला लागतो. कोपरा मांसाच्या पुढे यायला मात्र काही आठवडे जातात, आणि तेवढा काळ तो कापायचा मोह आवरावा लागतो. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच.

नख कापायची योग्य रीत सांगायला सोपी आहे. अंगठ्याचं नख सरळ आडवं कापायचं. हाताच्या नखांना आपण बोटाच्या आकाराप्रमाणे गोलाई देतो, ती सवय पायाकडे नेऊ नये. लांबी बोटाच्या टोकाइतकी ठेवायची. कापून झाल्यावर दोन्ही कोपऱ्यांची पांढरी टोकं मांसाच्या कडेबाहेर मोकळी दिसली पाहिजेत. ती दिसत नसतील तर नख जास्त कापलं गेलं असं समजावं. कापायची वेळ आंघोळीनंतरची, नख मऊ असताना. पायाच्या नखांसाठी सरळ पात्याचा, थोडा मोठा नेलकटर मिळतो. त्याने एकाच घासात नख तोडायला जाऊ नये, कारण जाड नख अशा वेळी कडेला चिरतं आणि तिथेच शीर राहते. तीन-चार लहान घासांत कापावं. कोपरा टोकदार वाटून मोज्यात अडकत असेल, तर कानशीने एकाच दिशेने दोन-चार वेळा घासून त्याची धार मोडावी. खाचेत टोकदार पट्टी घालून कोरणं टाळायचं, मग ते घरी असो, पार्लरमध्ये पेडिक्युअर करताना असो किंवा नराणी घेऊन बसलेल्या जुन्या कारागिराच्या हातून असो.

नखाच्या मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की दोन्ही कडा मध्याकडे ओढल्या जातात, असा एक समज घरोघरी आहे. ऐकायला तो पटतो. पण नख मुळाकडून वाढतं, पुढच्या टोकाला काय केलं याचा मुळाला पत्ताही नसतो. ती खाच काही आठवड्यांत पुढे सरकून निघून जाते, कोपरा तिथेच राहतो.

आता पुन्हा त्या मुलाकडे. घरच्या उपायांची वेळ त्याच्या हातून गेली होती. कडेतून पिवळा स्राव येत होता आणि नखाच्या कोपऱ्यावर लाल, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यासारखा मांसाचा गोळा आला होता. त्याला जरासा धक्का लागला तरी रक्त यायचं. बरं होऊ न शकलेल्या जखमेतून असं मांस वाढतं. ते दिसलं, पू असूनही दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा बरं होऊन तेच दुखणं पुन्हा पुन्हा उलटू लागलं, तर पाय भिजवत बसण्यात अर्थ नसतो. तिथे छोटी शस्त्रक्रिया लागते. लाली अंगठा सोडून पावलावर चढू लागली, पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसली, ताप आला किंवा जांघेत अवधाण आलं, तर मात्र दोन आठवडे तर सोडाच, दोन दिवसही थांबू नये. जंतुसंसर्ग आता नखापुरता राहिलेला नाही याच्या या खुणा आहेत, आणि प्रतिजैविकं खऱ्या अर्थाने लागतात ती अशा वेळी.

मधुमेह असलेल्यांना हे सगळे टप्पे लागूच होत नाहीत. साखरेमुळे पायाची जाणीव बोथट झालेली असेल, तर दुखणं ही धोक्याची घंटा वाजतच नाही. मोज्याला डाग दिसतो तेव्हा कुठे कळतं. पाणी किती गरम आहे हेही पायाला समजत नाही, आणि शेकायला म्हणून ठेवलेल्या पाण्याने तळवे भाजून आलेले रुग्ण डॉक्टरांना दरवर्षी दिसतात. रक्तपुरवठा कमी असेल तर नखाशेजारची एवढीशी जखमही भरत नाही आणि खालच्या हाडापर्यंत संसर्ग जाऊ शकतो. अशा माणसाने लाली दिसताच डॉक्टर गाठावा. पात्याला तर हात लावूच नये.

तपासणीत डॉक्टरांनी मुलाला दोन प्रश्न विचारले, ते वरवर असंबद्ध वाटणारे होते. पहिला, तोंडावरच्या मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत का? तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाने नखाच्या कडेला असंच लाल मांस वाढू शकतं. मुलाला तसलं काही चालू नव्हतं. दुसरा, नखाखाली काळी रेघ किंवा डाग कधी दिसला का? या प्रश्नामागे क्वचित, पण गंभीर कारण असतं. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याची दुखापत फुटबॉल खेळताना झाली असावी असंच आधी वाटलं होतं. १९७७ मध्ये नखाखाली मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. रुतलेल्या नखाच्या हजारो रुग्णांत असा एखादाच निघतो. तरीही उपचार करून न भरणारी जखम किंवा रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो.

शस्त्रक्रिया म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "डॉक्टर, एकदाचं अख्खं नखच काढून टाका."

"अख्खं काढलं तरी मुळातून तेवढंच रुंद परत येणार बाळा, आणि त्याच कोपऱ्यात पुन्हा रुतणार. आपण फक्त कडेची पट्टी काढू. पण तिच्या मुळासकट."

पूर्ण नख उपटण्याची जुनी पद्धत अजूनही ठिकठिकाणी चालते. तिच्यानंतर बोटाचं टोक काही महिने उघडं राहतं, पुढचं मांस वर सरकतं आणि नवं नख येताना त्या मांसाला अडतं. त्यामुळे दुखणं उलटण्याचं प्रमाण मोठं असतं. नुसती कड काढली आणि मूळ तसंच ठेवलं, तरी हेच होतं. म्हणून कड काढून तिच्या मुळावर फिनॉल लावायची पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक ॲसिड. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी जखमांमधला सडा रोखण्यासाठी हेच वापरलं आणि शस्त्रक्रियेचं शास्त्र बदललं. नखाच्या मुळासाठी ते तीव्र रूपात, साधारण ८८ टक्के, वापरतात. ते पेशी जाळतं, म्हणून त्याला फक्त प्रशिक्षित माणसाने हात लावायचा. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत ते टाळतात. मुळावर फिनॉल लावल्याने नख परत रुतण्याचं प्रमाण नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा बरंच कमी होतं, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे.

सगळ्यांत जास्त दुखतं ते बधिर करण्याचं इंजेक्शन. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिलिटर लिग्नोकेन देतात. ते घेताना अर्धा मिनिट दात आवळावे लागतात. पाच-दहा मिनिटांनी टोचून पाहिलं तर नुसता स्पर्श कळतो, वेदना नाही. रक्त थांबावं म्हणून बोटाच्या बुडाला रबरी पट्टी आवळतात, कारण खाचेत रक्त असेल तर फिनॉल पातळ होऊन कुचकामी ठरतं. मग चपट्या हत्याराने नखाची कड खालच्या मांसापासून सोडवतात आणि तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी पुढून मागे, थेट कातडीखालच्या मुळापर्यंत, सरळ कापतात. चिमट्याने ती पट्टी नखाच्या मध्याकडे पिळत बाहेर काढतात. या मुलाची पट्टी ट्रेमध्ये ठेवल्यावर तिच्या पुढच्या अंगाला तीन मिलिमीटरची सुईसारखी शीर दिसली. पात्याने तीनदा कापूनही हाती न लागलेलं कुसळ ते हेच. रिकाम्या खाचेत फिनॉलमध्ये बुडवलेली कापसाची काडी अर्धा-एक मिनिट, अशी तीन वेळा फिरवली, मग खाच धुतली, रबरी पट्टी सोडली आणि मलमपट्टी केली. इंजेक्शन धरून अर्धा तासही लागला नाही. टाका एकही नव्हता.

घरी गेल्यावर पहिला दिवस पाय उशीवर उंच ठेवून काढायचा होता. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग भिजवून सोडवलं, आणि त्यानंतर रोज साध्या पाण्याने जखम धुऊन, कोरडी करून नवी पट्टी. फिनॉलनंतर खाचेतून पिवळसर पाणी दोन ते चार आठवडे झिरपतं. ते मुळावरच्या भाजण्याचं पाणी असतं. मुलाच्या आईला तो पूच वाटला आणि आठव्या दिवशी ती त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन आली. तिची काळजी रास्त होती. पाणी आणि पू यांतला फरक आजूबाजूच्या कातडीवरून ओळखायचा. दुखणं रोज कमी होत असेल आणि लाली आटत असेल, तर ते झिरपणं बरं होण्यातलंच. दुखणं आणि लाली दोन्ही उलट वाढू लागली, तर संसर्ग. मुलाच्या अंगठ्याची लाली आटलेली होती आणि डाळिंबाचा दाणाही नख निघाल्यावर आपोआप सुकत चालला होता. कारण गेलं की हे मांस बहुधा वेगळं कापावं लागत नाही.

चौथ्या आठवड्यात खाच कोरडी झाली. त्याआधी पळायला त्याला मनाई होती. भरती दोन महिन्यांवर असताना ते तीन-साडेतीन आठवडे त्याने दोरीच्या उड्या सोडून बाकीचा व्यायाम करून काढले. नवे बूट संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय किंचित फुगलेला असतो. उभं राहून, पळताना वापरायचे मोजे घालून, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते पाहिलं. नंबर एकने नव्हे, दीडने वाढला. लेस पावलाच्या चढावर घट्ट बांधायला तो शिकला, म्हणजे पाय बुटात पुढे घसरत नाही.

उजव्या अंगठ्याचं नख आता डाव्यापेक्षा किंचित अरुंद दिसतं आणि ते तसंच राहणार. डाव्या पायाचे कोपरेही त्याने पात्याने गोल कापून ठेवले होते. ते नख बोटाच्या टोकापर्यंत येऊन सरळ कापता यावं, म्हणून अजून दीड-दोन महिने तो त्याला हात लावणार नाही.